डबल क्लिकला दाद न देणारी फाइल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. त्या सुमारास अनेकांनी घरच्या किंवा कार्यालयातल्या संगणकावर विंडोज ११ चढवायचं ठरवलं आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून एक भलीमोठी फाइल उतरवून घेतली. आकार पाच जीबीहून जास्त आणि नावाच्या शेवटी `.iso`. इथवर सगळं सुरळीत होतं. मग त्या फाइलवर डबल क्लिक केलं, कर्सर क्षणभर गोल फिरला आणि पुढे काहीच घडलं नाही.

काहींच्या संगणकावर निराळाच प्रकार घडतो. विनरार किंवा तसलंच एखादं सॉफ्टवेअर उघडतं आणि त्यात फोल्डरांची यादी दिसते. यादीत `setup.exe` असतं, म्हणून माणूस त्यावर क्लिक करतो. ते बराच वेळ काहीतरी उलगडत बसतं, नाहीतर सोबतच्या फाइली सापडत नाहीत म्हणून मध्येच थांबतं. मग फाइलच खराब आली असं समजून ती पुन्हा उतरवली जाते. दुसऱ्यांदाही तेच होतं, आणि त्यात पाच जीबी डेटा आणखी खर्च होतो.

बहुतेक वेळा फाइलमध्ये काहीच दोष नसतो. ती चालवायची फाइलच नाही, हे तेवढं कोणी सांगितलेलं नसतं.

`.exe` फाइलमध्ये संगणकाने पाळायच्या सूचना असतात, म्हणून तिच्यावर क्लिक केलं की काहीतरी सुरू होतं. `.iso` फाइलमध्ये एका अख्ख्या सीडीची किंवा डीव्हीडीची जशीच्या तशी नक्कल असते. तबकडीवरच्या फाइली, त्यांची यादी, तबकडीचं नाव, ती संगणक सुरू होतानाच चालवायची असेल तर त्यासाठीचा भाग, सगळं ज्या क्रमाने तबकडीवर असतं त्याच क्रमाने एका फाइलमध्ये ओतलेलं असतं. इंग्रजीत तिला डिस्क इमेज म्हणतात आणि मराठीतही तोच शब्द रुळला आहे. कॅसेट नुसती हातात धरली तर गाणं वाजत नाही, तिला टेपरेकॉर्डर लागतो. या फाइललाही तसाच एक ड्राइव्ह लागतो. फरक इतकाच की तो ड्राइव्ह खराखुरा असण्याची गरज नाही. विंडोज स्वतःच एक खोटा डीव्हीडी ड्राइव्ह उभा करून ही फाइल त्यात घातल्यासारखं करू शकतं. यालाच माउंट करणं म्हणतात.

या फाइलची रचना चार दशकांपूर्वीची आहे. १९८५ साली संगणक आणि सीडी उद्योगातल्या काही कंपन्यांचे तंत्रज्ञ अमेरिकेत लेक टाहोजवळच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात जमले. प्रत्येक कंपनीची सीडी वेगळ्या पद्धतीने भरलेली असायची, त्यामुळे एकीची सीडी दुसरीच्या संगणकावर वाचता येत नव्हती. त्या बैठकीतून निघालेल्या आराखड्यात थोडे फेरफार होऊन १९८८ साली आयएसओ ९६६० हे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. फाइलच्या नावामागचं `.iso` त्या मानकावरून आलं. या पद्धतीत तबकडीची जागा २०४८ बाइटांच्या खणांमध्ये विभागलेली असते. पहिले सोळा खण मोकळे सोडतात आणि सतराव्या खणात `CD001` ही पाच अक्षरं लिहिलेली असतात. फाइलचं नाव काहीही असलं तरी माउंट करणारं सॉफ्टवेअर ही खूण शोधतं. एखाद्या व्हिडिओ फाइलचं नाव बदलून `.iso` केलं तर तिची सीडी होत नाही, ती याचमुळे.

डबल क्लिक केल्यावर काय घडायचं हे मात्र फाइल ठरवत नाही. विंडोजकडे एक नोंदवही असते आणि कोणत्या शेपटीची फाइल कोणत्या सॉफ्टवेअरकडे सोपवायची हे तीत लिहिलेलं असतं. विंडोज एक्सपीच्या काळात `.iso`पुढे कोणाचंच नाव नव्हतं, त्यामुळे ही फाइल कशाने उघडायची हे विंडोज वापरणाऱ्यालाच विचारायचं. विंडोज ७मध्ये तिथे रिकाम्या तबकडीवर नक्कल उतरवणारं एक छोटं साधन बसवलं गेलं. ते उघडायचं आणि रिकामी डीव्हीडी मागायचं. २०१२ साली आलेल्या विंडोज ८पासून माउंट करण्याची सोय मुळातच आली आणि `.iso`पुढे फाइल एक्सप्लोररचं नाव लागलं. म्हणून नव्या कोऱ्या विंडोज १० किंवा ११वर डबल क्लिक केलं की फाइल मुकाट्याने माउंट होते आणि आतल्या फाइलींची खिडकी उघडते.

अडचण येते ती नंतर. कोणीतरी विनरार किंवा सीडी बनवायचं एखादं सॉफ्टवेअर टाकतं. टाकताना समोर लांबलचक यादी येते, कोणकोणत्या फाइली आपल्याकडे घ्यायच्या याची. यादीत `.iso`पुढेही खूण असते. ती कोणी काढत नाही, सगळे ओके दाबून मोकळे होतात. त्या क्षणी नोंदवहीतलं नाव बदलतं. त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे राइट क्लिकच्या यादीतला Mount हा पर्यायही तिथून गायब होतो, कारण तो पर्याय फाइल एक्सप्लोररच्या नावासोबत येतो. ते सॉफ्टवेअर पुढे काढून टाकलं आणि नोंद तशीच राहिली, तर डबल क्लिक ज्याच्याकडे जायला हवं तेच संगणकावर नसतं.

एक उदाहरण पुरतं पाहू. समजा, एका लहान कर सल्लागाराच्या कार्यालयात विंडोज १०चा संगणक आहे. त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, ग्राहकांच्या फाइली आहेत आणि यातलं काहीही न हलवता विंडोज ११वर जायचं आहे. उतरवलेली फाइल `D:\Downloads` या फोल्डरमध्ये आहे आणि तिचं नाव `Win11_24H2_EnglishInternational_x64.iso`. डबल क्लिक केल्यावर काहीच दिसत नाही.

पहिल्यांदा This PC उघडून पाहायचं. कित्येकदा फाइल माउंट झालेली असते, फक्त खिडकी उघडलेली नसते. तिथे नवीन डीव्हीडी ड्राइव्ह दिसला आणि त्याखाली `CCCOMA_X64FRE_EN-GB_DV9` असं अगम्य नाव असलं, तर काम झालेलं आहे. विंडोजच्या तबकड्यांची नावं अशीच असतात, त्यांचा धसका घेऊ नये.

ड्राइव्ह दिसत नसेल तर फाइलवर राइट क्लिक करायचं. Mount दिसलं तर तेच निवडायचं. ते नसेल तर Open with, त्यात Choose another app आणि पुढे Windows Explorer निवडायचं. Always म्हटलं की नोंदवहीतलं नाव पूर्ववत होतं आणि Mount हा पर्यायही परत येतो. या उदाहरणात कधीकाळी कोणीतरी विनरार टाकलेलं होतं, त्यामुळे इतक्यानेच काम भागलं असतं. तरीही हाती काही लागलं नाही, तर नोंदवहीला वळसा घालून थेट आज्ञा देता येते. स्टार्ट मेनूत PowerShell शोधून उघडायचं आणि ही ओळ लिहायची:

```
Mount-DiskImage -ImagePath "D:\Downloads\Win11_24H2_EnglishInternational_x64.iso"
```

या आज्ञेचा खरा उपयोग निदानासाठी आहे. डबल क्लिक अपयशी झालं तर ते गप्प बसतं, ही आज्ञा मात्र अपयशाचं कारण लाल अक्षरांत लिहून दाखवते. आज्ञा चालली आणि ड्राइव्ह आला तर फाइल निर्दोष होती, घोळ फक्त नोंदीचा होता. फाइल खराब असल्याचं तिने सांगितलं तर पुढची तपासणी करायची. आज्ञा चालली पण ड्राइव्ह कुठेच दिसत नाही असंही क्वचित होतं. तेव्हा Disk Management उघडून खालच्या बाजूला सीडी-रॉमची ओळ शोधायची. तिला अक्षर मिळालेलं नसतं, ते राइट क्लिक करून देता येतं.

फाइल खराब आहे का हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. मायक्रोसॉफ्ट विंडोज ११च्या प्रत्येक फाइलसोबत एक लांब आकडा प्रसिद्ध करतं. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून काढलेली ती खूण असते आणि एकही बाइट बदलला तरी ती पूर्ण बदलते. आपल्या फाइलची खूण अशी काढायची:

```
certutil -hashfile "D:\Downloads\Win11_24H2_EnglishInternational_x64.iso" SHA256
```

पाच जीबीची फाइल वाचायला थोडा वेळ लागतो. आलेला आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळला तर फाइल पुन्हा उतरवण्यात काही अर्थ नाही, दोष दुसरीकडे शोधायचा. नाही जुळला तर कितीही खटपट केली तरी त्या फाइलचा उपयोग नाही. आकडा काढायच्याही आधी नुसता आकार पाहिला तरी बरंच कळतं. पाच जीबीची म्हणून आलेली फाइल दोन-चार केबीची असेल, तर ती तबकडीची नक्कल नसून बहुधा लॉग-इन मागणारं वेबपान त्या नावाने साठवलेलं असतं.

आकडा जुळतो, नोंद बरोबर आहे, तरीही Couldn't Mount File असा निरोप येतो, हा प्रकार सर्वांत चक्रावणारा. त्यासोबतच्या मजकुरात म्हटलेलं असतं की फाइल एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर असावी आणि कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरमध्ये नसावी. वाचणारा ड्राइव्हची पद्धत तपासतो तर ती एनटीएफएसच निघते. फोल्डरही साधाच असतो. मग निरोपाचा अर्थ काय घ्यायचा?

यामागे बऱ्याचदा उतरवणारं सॉफ्टवेअर असतं. टॉरेंटसारखी साधनं मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी, मागेपुढे करत आणतात. त्यासाठी ती सुरुवातीलाच पूर्ण लांबीची फाइल तयार करतात, पण तिच्यातल्या रिकाम्या भागांना डिस्कवर खरी जागा देत नाहीत. अशा फाइलवर विंडोज स्पार्स अशी खूण ठेवतं. सगळे तुकडे येऊन फाइल पूर्ण झाली तरी ती खूण कधीकधी तशीच राहते, आणि माउंट करणारा भाग ती खूण असलेली फाइल घ्यायला तयार नसतो. निरोपात मात्र या खुणेचा उल्लेख नसतो. ती आहे की नाही हे पाहायला आणि असली तर पुसायला कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून या दोन ओळी द्यायच्या:

```
fsutil sparse queryflag "D:\Downloads\image.iso"
fsutil sparse setflag "D:\Downloads\image.iso" 0
```

आज्ञांची धास्ती वाटत असेल तर फाइल कॉपी करून दुसऱ्या फोल्डरमध्ये चिकटवावी. नव्या प्रतीत बहुतेक वेळा ही खूण उतरत नाही आणि ती प्रत सरळ माउंट होते.

कर सल्लागाराच्या संगणकावर आता ड्राइव्ह आला आहे. त्यात `boot`, `efi`, `sources`, `support` असे फोल्डर आणि `setup.exe` दिसतं. त्यावर डबल क्लिक केलं की विंडोज ११ची स्थापना सुरू होते. पण याआधी एक गोष्ट तपासायला हवी होती. सगळ्या फाइली आणि सॉफ्टवेअर जागच्या जागी ठेवून वरच्या आवृत्तीवर जायचं असेल, तर संगणकावरच्या विंडोजची मूळ भाषा आणि तबकडीची भाषा एकच असावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंग्रजी दोन आहेत. नुसती English म्हणजे अमेरिकी आणि English International म्हणजे ब्रिटिश. संगणकावर अमेरिकी इंग्रजी असेल आणि ही दुसरी फाइल आणली असेल, तर सॉफ्टवेअर जपून ठेवण्याचा पर्याय फिका पडतो, निवडताच येत नाही. त्या यादीत मराठी नाही. मराठी हवी असेल तर ती विंडोज बसवल्यानंतर भाषेचा जोड म्हणून वेगळी घ्यावी लागते. आपल्याकडे मुळात कोणतं इंग्रजी आहे ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `dism /online /get-intl` दिल्यावर Default system UI language या ओळीत दिसतं. `en-US` म्हणजे अमेरिकी, `en-GB` म्हणजे इंटरनॅशनल.

माउंट करण्याचा फायदा असा की डिस्कवर आणखी जागा लागत नाही. पाच जीबीची फाइल पाच जीबीचीच राहते. हा ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता असतो, त्यात काही बदलता किंवा पुसता येत नाही. संगणक पुन्हा सुरू केला की तो नाहीसा होतो. विंडोज ११च्या बाबतीत ही अडचण ठरत नाही, कारण पहिल्या रीस्टार्टच्या आधीच त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली तो हार्ड डिस्कवर उतरवून घेतो. सगळी सॉफ्टवेअर इतकी शहाणी नसतात. काही जुने इन्स्टॉलर अर्ध्यात संगणक रीस्टार्ट करायला लावतात, पुन्हा सुरू झाल्यावर तबकडी शोधतात आणि ती न मिळाल्याने अडून बसतात. अशा वेळी आतल्या फाइली एका साध्या फोल्डरमध्ये काढून घेणं बरं.

हे काम ७-झिप हे मोफत साधन चोख करतं. फाइलवर राइट क्लिक, 7-Zip, मग Extract to आणि फाइलच्याच नावाचा फोल्डर. विंडोज ११वर आधी Show more options घ्यावं लागू शकतं. फोल्डर `C:\W11` असा छोटा ठेवलेला चांगला. आत फोल्डरात फोल्डर असतात, आणि पत्ता साधारण २६० अक्षरांपलीकडे गेला तर अनेक सॉफ्टवेअरना आजही तो वाचता येत नाही. जागा मात्र दुप्पट लागते, पाच जीबीची मूळ फाइल आणि तेवढाच नवा फोल्डर. फाइली निघाल्या की त्या फोल्डरमधलं `setup.exe` चालवायचं. विनरारच्या यादीत दिसणारं `setup.exe` तिथल्या तिथे चालवणं वेगळं आणि सगळं काढून मग चालवणं वेगळं. पहिल्यात इन्स्टॉलरला सोबतच्या शेकडो फाइली आपल्या शेजारी सापडतीलच याची खात्री नसते.

काढताना एक चमत्कारिक प्रकार होऊ शकतो, आणि त्याने जाणकारही गोंधळतात. विंडोज १० आणि ११सोबत आलेल्या `tar` या आज्ञेने `.iso` उलगडता येते, हे काहींना ठाऊक असतं. विंडोज ११ची फाइल तिला दिली तर ती तक्रार न करता काम संपवते, आणि फोल्डरमध्ये `README.TXT` नावाची एकच चिमुकली फाइल उरते. पाच जीबीमधून एवढंच? ती उघडली तर आत इंग्रजीत लिहिलेलं असतं की या तबकडीवर यूडीएफ पद्धत वापरली आहे आणि ती वाचू शकणारी प्रणाली लागेल.

याचं मूळ त्या १९८८च्या मानकात आहे. आयएसओ ९६६०च्या नेहमीच्या मांडणीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. विंडोजच्या तबकडीतली `sources\install.wim` ही एकच फाइल आता त्याहून मोठी असते. म्हणून मायक्रोसॉफ्ट खरी सामग्री यूडीएफ या पुढच्या पद्धतीने भरतं आणि जुन्या पद्धतीच्या थरावर फक्त तो निरोप ठेवतं. ज्या साधनाला यूडीएफ येत नाही त्याला जुना थरच दिसतो. ७-झिपच्या आणि खुद्द विंडोजच्या माउंटला दोन्ही थर कळतात. फाइली काढल्यावर एकटी `README.TXT` मिळाली, तर दोष तबकडीत नसून साधनात आहे, हे लक्षात घ्यावं.

फाइली काढण्यात एक गोष्ट हातची जाते, तबकडीचं नाव. जुने खेळ आणि काही शब्दकोश सुरू होताना एखाद्या ठरावीक नावाची तबकडी ड्राइव्हमध्ये आहे का हे तपासतात. फोल्डरला असं नाव नसतं, त्यामुळे तिथे माउंटच लागतं. एकापेक्षा जास्त सीडींवर आलेल्या सॉफ्टवेअरलाही तेच. सगळ्या नकला आधीच माउंट करून ठेवाव्यात, प्रत्येकीला वेगळं अक्षर मिळतं. काही जुन्या खेळांची चोरी रोखणारी कुलपं तर साध्या नकलेत उतरतच नाहीत. तिथे माउंट यशस्वी होऊनही खेळ तबकडी मागतच राहतो.

सगळ्याच नकला `.iso` नसतात. जुन्या सीडींच्या नकला `.bin` आणि `.cue` अशा जोडीनेही ठेवलेल्या असतात. त्यात २०४८ऐवजी २३५२ बाइटांचे खण असतात, म्हणजे माहितीसोबत चुका दुरुस्त करायचे बाइटही घेतलेले असतात. विंडोज त्या माउंट करत नाही. नुसतं नाव बदलून `.iso` केलं तर `CD001` ही खूण अपेक्षित जागी सापडत नाही आणि डबल क्लिक पुन्हा निष्फळ ठरतं. आधी त्यांचं रूपांतर करून घ्यावं लागतं. `.dmg` ही अ‍ॅपलच्या मॅक संगणकांसाठीची डिस्क इमेज असते. मॅकवर ती डबल क्लिकने उघडते. विंडोजवर तिच्यातल्या फाइली ७-झिपने बहुधा काढता येतात, पण आतलं सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही. अशी फाइल हाती आली तर संकेतस्थळावर चुकीचं बटण दाबलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गैरसमज पेनड्राइव्हचा. `.iso` फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर त्यावरून संगणक सुरू होत नाही. तिच्या आतल्या फाइली काढून एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर टाकायच्या म्हटलं, तर चार जीबीपेक्षा मोठी `install.wim` तिथे मावत नाही आणि कॉपी मध्येच अडते. विंडोज चालूच होत नसेल आणि बाहेरून बसवायचं असेल, तर रूफससारख्या साधनाने पेनड्राइव्ह तयार करावा. चालू विंडोजच्या आतून वर जायचं असेल, तर पेनड्राइव्हच्या भानगडीत पडायचं कारण नाही.

माउंट करणं इतकं सोपं झालं त्याचा फायदा भामट्यांनीही घेतला. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या वर्ड आणि एक्सेल फाइलींमधले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. तेव्हा ईमेलमधून `.iso` पाठवण्याचं प्रमाण वाढलं. कारण असं होतं की इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवतं आणि ती चालवण्याआधी सावध करतं, पण `.iso` माउंट केल्यावर आतल्या फाइलींवर ती खूण जात नव्हती. नोव्हेंबर २०२२च्या अपडेटने ही फट बुजवली. जिथे अपडेट बंद ठेवलेले आहेत तिथे ती अजून उघडीच आहे. बिल, नोटीस किंवा कुरिअरची पावती कोणी प्रामाणिक माणूस `.iso`मधून पाठवत नाही. तशी फाइल आली तर डबल क्लिक करूच नये.

काम झाल्यावर खोटा ड्राइव्ह काढायचा तो This PCमध्ये त्यावर राइट क्लिक करून Eject म्हणून. हे न करता मूळ `.iso` पुसायला गेलं, तर ती System मध्ये उघडी असल्याचं सांगून विंडोज नकार देतं.

हीच सोय उलट्या दिशेनेही उपयोगी आहे. मराठी फॉन्टांच्या, शब्दकोशांच्या आणि शालेय अभ्यासक्रमाच्या सीडी छपाईवाल्यांच्या, शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या कपाटांत पडून आहेत, आणि नव्या लॅपटॉपना सीडी ड्राइव्हच नसतो. एखाद्या जुन्या संगणकावर इमबर्न या मोफत साधनाने, त्यातला Create image file from disc हा पर्याय घेऊन, अशा सीडीची `.iso` करून ठेवता येते आणि पुढे ती कोणत्याही विंडोज १० किंवा ११वर माउंट होते. आतला इन्स्टॉलर मात्र विंडोज ९५च्या काळातला, १६ बिटी असेल तर ६४ बिटी विंडोजवर तो चालणार नाही आणि विंडोज तसं सांगेल. तरी साध्या फाइल म्हणून ठेवलेले फॉन्ट आणि मजकूर त्यातून काढून घेता येतील. सॉफ्टवेअरला डोंगल लागत असेल तर तोही सांभाळून ठेवावा लागेल, कारण नकलेत तो येत नाही. घरी बनवलेल्या सीडींवरचा थर वर्षांगणिक खराब होत जातो आणि एकदा खण वाचता येईनासे झाले की नक्कल अर्धवटच निघते. ज्यांच्याकडे अशा सीडी आहेत त्यांनी चालू सीडी ड्राइव्ह हाताशी आहे तोवर हे काम उरकून घ्यावं.